एक्सरसाइज प्राइस ५० रुपये, शेअर पडतो २३७ ला

नोकरी सोडताना एचआरकडून एक शेवटचा ईमेल येतो. त्यात पगाराचा हिशेब, पीएफ, लॅपटॉप परत करायची तारीख असं सगळं असतं आणि त्यातच कुठेतरी एक ओळ असते: तुमचे व्हेस्ट झालेले ऑप्शन शेवटच्या दिवसापासून ९० दिवसांत एक्सरसाइज न केल्यास रद्द होतील. ठाण्यात माझी सीएची प्रॅक्टिस आहे. ऐरोली, महापे, वागळे इस्टेट या भागातल्या कंपन्यांमधली मुलंमुली हा ईमेल घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांच्या डोक्यात तेव्हा एकच आकडा असतो, एक्सरसाइज प्राइस. "पन्नास रुपयाला शेअर मिळतोय सर, कंपनी म्हणते साडेसहाशेचा आहे, सोडायचा कशाला?" हा प्रश्न रास्तच आहे. पण तो शेअर पन्नास रुपयांना मिळत नाही. तो किती रुपयांना मिळतो आणि हे नोकरी सोडायच्या आधी कसं काढायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

लेख भारतातल्या, शेअर बाजारात न आलेल्या खासगी कंपनीच्या ईसॉपबद्दल, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या शेअरच्या ऑप्शनबद्दल आहे. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे शेअर मिळत असतील तर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता भरावा लागतो आणि बाकीचे नियमही बरेच वेगळे असतात, तो विषय इथे घेतलेला नाही.

ऑप्शन हातात असणं आणि शेअर हातात असणं

ग्रँट लेटर मिळतं त्या दिवशी तुमच्या नावावर एकही शेअर नसतो. कंपनीने तुम्हाला एक हक्क दिलेला असतो: अमुक इतके शेअर, अमुक भावाने, ठरलेल्या काळानंतर विकत घेण्याचा. हा हक्क वापरून शेअर विकत घेणं म्हणजे ऑप्शन एक्सरसाइज करणं, आणि तो ठरलेला भाव म्हणजे एक्सरसाइज प्राइस. हा हक्क दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. लाभांश आणि मतदानाचा हक्कसुद्धा शेअर प्रत्यक्ष नावावर झाल्यावरच मिळतो.

हक्क एकदम पिकत नाही, टप्प्याटप्प्याने पिकतो. त्याला व्हेस्टिंग म्हणतात. ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान एक वर्षाचं अंतर कंपनी कायद्याच्या नियमांनुसार सक्तीचं आहे, म्हणून पहिल्या वर्षाच्या आत सोडणाऱ्याला काहीच मिळत नाही. पुढचं वेळापत्रक कंपनी ठरवते. कुठे दरवर्षी चौथा हिस्सा, कुठे पहिल्या वर्षानंतर दरमहा थोडं थोडं, तर कुठे पहिल्या दोन वर्षांत अगदी कमी आणि शेवटच्या दोन वर्षांत भरपूर. 'चार वर्षांचं व्हेस्टिंग' हे शब्द या तिन्हींना लागू पडतात, पण दोन वर्षांनी सोडणाऱ्याच्या हातात येणारा आकडा तिन्हींत अगदी वेगळा असतो.

एक गोष्ट घरच्यांनाही माहीत असायला हवी. कर्मचाऱ्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर तोपर्यंत मिळालेले सगळे ऑप्शन, न पिकलेलेसुद्धा, वारस किंवा नॉमिनीच्या हक्कात पिकतात. हे नियमातच आहे. पण घरात कुणाला ग्रँट लेटरबद्दल माहीतच नसेल, तर मागणी करायला जाणार कोण? विम्याच्या कागदांशेजारी त्याची एक प्रत ठेवा.

एक उदाहरण, तारखांसकट

समजा ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एक इंजिनिअर आहे. तिला १ जुलै २०२२ रोजी ४,००० ऑप्शन मिळाले, एक्सरसाइज प्राइस ५० रुपये. दरवर्षी १ जुलैला १,००० व्हेस्ट होतात. २०२५ च्या मे महिन्यात तिला ठाण्यातल्याच दुसऱ्या कंपनीची ऑफर आली.

तिची नोटीस ६० दिवसांची होती. १० मे रोजी राजीनामा दिला असता तर शेवटचा दिवस जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला असता, म्हणजे १ जुलै नोटीसच्या काळातच पडली असती. तिसऱ्या वर्षाचे १,००० ऑप्शन त्या तारखेला पिकले असते का? याचं उत्तर ग्रँट लेटरमध्ये सहसा सापडत नाही. ते ईसॉप स्कीम नावाच्या मोठ्या दस्तऐवजात असतं. काही स्कीममध्ये व्हेस्टिंग शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत चालू राहतं, तर काहींमध्ये राजीनामा दिला त्या क्षणी थांबतं. तिच्या स्कीममध्ये ते राजीनाम्याच्या दिवशी थांबत होतं. तिने आधी स्कीम मागून घेतली, नव्या कंपनीकडून थोडी मुदत वाढवून घेतली आणि १४ जुलैला राजीनामा दिला. त्या काही आठवड्यांत हजार ऑप्शन वाचले.

शेवटचा दिवस आला १२ सप्टेंबर २०२५. हातात पिकलेले ऑप्शन ३,०००. उरलेले १,००० न पिकलेले असल्यामुळे रद्द झाले. ९० दिवसांची मुदत संपणार ११ डिसेंबरला. ही ९० दिवसांची मुदत कायद्यात लिहिलेली नाही, ती कंपनीच्या स्कीममध्ये असते. काही कंपन्या जास्त वर्षं काम केलेल्यांना बरीच मोठी मुदत देतात, काही ३० दिवसच देतात. आणि गैरवर्तनासाठी काढून टाकलं तर पिकलेले ऑप्शनही जातील, असं कलम बहुतेक स्कीममध्ये सापडेल.

कर कशावर लागतो

कंपनीने तिला कळवलं की सध्याचा एफएमव्ही, म्हणजे शेअरचं वाजवी बाजारमूल्य, ६५० रुपये आहे. तिने ३,००० ऑप्शन एक्सरसाइज केले तर कंपनीला द्यायचे ३,००० गुणिले ५०, म्हणजे दीड लाख. इथपर्यंतचा हिशेब सगळेच करतात.

पुढचा हिशेब आयकर खात्याचा. ६५० चा शेअर ५० ला मिळाला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे ६०० रुपयांचा फायदा नोकरीमुळे झाला, असं खातं धरतं. हा फायदा पगारातच मोडतो. ३,००० शेअरवर तो होतो १८ लाख रुपये. तो त्याच वर्षीच्या पगारात मिळवला जातो आणि त्यावर पगाराच्या दराने कर लागतो. शेअर विकलेला नाही, विकता येत नाही, बँकेत रुपयाही आलेला नाही. यातल्या कशाचाही विचार इथे होत नाही. घर घेताना आपण करारात कमी रक्कम लिहिली तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या दराने भरावं लागतं, तसंच हे आहे: तुम्ही दिलेला भाव एक आणि कर मोजायचा भाव दुसरा.

तिचा वर्षाचा पगार दोन्ही नोकऱ्या मिळून २८ लाख. नव्या कर पद्धतीत २०२५-२६ साठी २४ लाखांवरच्या उत्पन्नाला ३० टक्के दर आहे. प्रमाणित वजावट जाऊनही तिचा पगार त्याच्या वरच राहतो, म्हणून १८ लाखांचा प्रत्येक रुपया ३० टक्क्यांत जातो. कर ५,४०,००० रुपये, त्यावर ४ टक्के सेस २१,६००. एकूण ५,६१,६००.

म्हणजे ३,००० शेअर नावावर करून घ्यायला तिच्या खिशातून जाणार ७,११,६०० रुपये. एका शेअरमागे २३७ रुपये २० पैसे. तिच्यासाठी शेअरची खरी किंमत ही आहे.

हे सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे. एफएमव्हीमधून एक्सरसाइज प्राइस वजा करा, उरलेल्याला तुमच्या कराच्या वरच्या दराने गुणा, त्यात एक्सरसाइज प्राइस मिळवा. तिच्या बाबतीत सेससह दर ३१.२ टक्के, म्हणून ६०० चे १८७ रुपये २० पैसे आणि वर ५०. आता एक्सरसाइज प्राइस ५० ऐवजी १ रुपया असती तर? भारतातल्या पुष्कळ स्टार्टअपमध्ये ती अशी नाममात्रच असते. तेव्हाही शेअर साधारण २०३ रुपयांना पडला असता. 'आमची एक्सरसाइज प्राइस फक्त एक रुपया आहे' हे मुलाखतीत ऐकायला छान वाटतं. पण कंपनी वाढली की तुमचा मोठा खर्च करातच होतो, आणि तो एफएमव्हीबरोबर वाढतो.

पगार आणि हा फायदा मिळून करपात्र उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर संपूर्ण करावर १० टक्के अधिभारही लागतो. तिचं उत्पन्न ४५ लाखांच्या आसपास राहिलं, म्हणून ती वाचली. तुम्ही त्या सीमेजवळ असाल, तर मुदत परवानगी देत असल्यास काही शेअर ३१ मार्चच्या आधी आणि काही नंतर घ्यायचा विचार करा. ९० दिवसांची मुदत जानेवारी ते एप्रिल अशी पडली तरच हे जमतं.

कंपनी या फायद्यावर टीडीएस कापायला बांधील असते. तुम्ही नोकरीत असाल तर तो पगारातून कापला जातो. सोडून गेलेल्याच्या पगारातून काय कापणार? म्हणून कंपनी एक्सरसाइजच्या अर्जाबरोबर कराची रक्कमही मागते आणि ती आल्याशिवाय शेअर देत नाही. इथे एक बारीक गोम आहे. जुनी कंपनी टीडीएस काढताना फक्त तिने दिलेला पगार आणि हा फायदा एवढंच धरते. वर्षाचा उरलेला पगार नव्या कंपनीकडून येणार आहे हे तिच्या हिशेबात नसतं. त्यामुळे जुन्या कंपनीने मागितलेली रक्कम खऱ्या करापेक्षा कमी असू शकते. उरलेला कर ॲडव्हान्स टॅक्स म्हणून भरला नाही तर रिटर्न भरताना व्याजासकट निघतो. आपला हिशेब पूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर करा, कंपनीच्या पत्रातल्या आकड्यावर विसंबू नका.

"स्टार्टअपला तर हा कर पुढे ढकलता येतो ना?" असं अनेकजण विचारतात. येतो, पण सगळ्यांना नाही. नुसती सरकारची स्टार्टअप म्हणून मान्यता पुरत नाही. ज्या कंपनीला करसवलतीसाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र मिळालेलं आहे, तिच्याच कर्मचाऱ्यांना ही सोय आहे. आणि ढकललेला कर तीनपैकी जे आधी घडेल त्यानंतर १४ दिवसांत भरायचा असतो: शेअर मिळाल्याचं आर्थिक वर्ष संपून पाच वर्षं होणं, शेअर विकणं, किंवा नोकरी सोडणं. यातलं तिसरं पाहा. आपल्या इंजिनिअरने तर नोकरी सोडलेलीच आहे. तिला या सवलतीचा काही उपयोग नाही.

६५० हा आकडा कुठून आला

शेअर बाजारात असलेल्या कंपनीचा भाव रोज दिसतो. खासगी कंपनीचा एफएमव्ही करासाठी मर्चंट बँकर ठरवून देतो आणि तो अहवाल एक्सरसाइजच्या दिवशी १८० दिवसांपेक्षा जुना चालत नाही. म्हणून कंपनीला दोन गोष्टी विचारा. अहवाल कोणत्या तारखेचा आहे, आणि नवा कधी येणार? समजा तिच्या मुदतीच्या मध्येच कंपनीला नवी गुंतवणूक मिळाली आणि नव्या अहवालात एफएमव्ही ९०० झाला. मग तिचं उत्पन्न ५० लाखांच्या वर जाऊन अधिभारही लागेल, आणि त्याच शेअरची तिची खरी किंमत २३७ वरून ३५५ च्या वर जाईल. जुना अहवाल चालतोय तोवर अर्ज केला तर जुन्या मूल्यावर कर लागेल. निर्णय शेवटच्या आठवड्यावर ढकलण्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

हा एफएमव्ही म्हणजे कुणी तुम्हाला ६५० रुपये द्यायला तयार आहे असं मुळीच नाही. तो बहुतेक पुढच्या वर्षांच्या अंदाजांवर काढलेला आकडा असतो. बातम्यांमध्ये येणारं मूल्यांकन तर त्याहून वेगळं. ते शेवटच्या गुंतवणूकदाराने दिलेल्या भावावरून सगळ्या शेअरना गुणून काढलेलं असतं, आणि त्या गुंतवणूकदाराचा शेअर तुमच्या शेअरसारखा नसतो.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण कंपनी विकली जाते तेव्हा नेमका तोच आडवा येतो. मोठे गुंतवणूकदार सहसा प्रेफरन्स शेअर घेतात. करारात लिहिलेलं असतं की कंपनी विकली गेली तर आधी त्यांचे गुंतवलेले पैसे परत, मग बाकीच्यांचं. समजा गुंतवणूकदारांनी २०० कोटी घातले आहेत, त्यांचा हिस्सा ४० टक्के आहे आणि कंपनी २५० कोटींना विकली गेली. ४० टक्क्यांच्या हिशेबाने त्यांना १०० कोटीच मिळाले असते. ते अर्थातच आपले २०० कोटी आधी उचलतील. उरलेल्या ५० कोटींत संस्थापक आणि तुमच्यासारखे साधे शेअर असलेले सगळे. १८० कोटींना विकली गेली, तर साध्या शेअरला काहीच नाही. पेपरात मात्र दोन्ही वेळा 'कंपनीची यशस्वी विक्री' असंच छापून येईल.

म्हणून कंपनीला विचारायचा प्रश्न असा: सगळे ऑप्शन आणि साध्या शेअरमध्ये बदलता येणारे शेअर धरून एकूण शेअर किती, आणि गुंतवणूकदारांचे आधी परत करायचे पैसे किती? ४,००० ऑप्शन या आकड्याला एकूण शेअर किती हे कळल्याशिवाय काही अर्थ नाही. काही कंपन्या हे सांगतात, काही टाळतात. टाळलं तरी सगळं बंद होत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या साइटवर थोडी फी भरून कोणत्याही कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं पाहता येतात. ताळेबंदावरून तोटा किती आणि हातात रोकड किती हे कळतं. आणि शेअर वाटप केल्यावर कंपनी पीएएस-३ नावाचा जो फॉर्म भरते, त्यात शेवटच्या गुंतवणूकदाराला शेअर कोणत्या भावाने दिले ते असतं. सात लाख रुपये घालण्याआधी एक संध्याकाळ त्यावर घालवणं मला अत्यावश्यक वाटतं.

विकायचे कुठे

खासगी कंपनीचा शेअर बाजारात विकता येत नाही. कंपनीच्या नियमावलीत शेअर हस्तांतरावर बंधनं असतात: आधी कंपनीला किंवा जुन्या भागधारकांना विचारायचं, संचालक मंडळाची परवानगी घ्यायची. प्रत्यक्षात पैसे मिळायचे मुख्य मार्ग तीन: कंपनीने शेअर परत विकत घेणं, कंपनी दुसऱ्या कुणी घेणं, किंवा शेअर बाजारात नोंदणी. यातलं काही कधी होईल, होईल की नाही, हे सहसा संस्थापकालाही माहीत नसतं.

नोंदणी झाली म्हणजे भाव वरच जातो असंही नाही. पेटीएमचा शेअर नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांना लोकांना विकला गेला आणि पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के खाली बंद झाला. बायजूजचं मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होतं, २०२४ मध्ये प्रोसस या तिच्या मोठ्या गुंतवणूकदाराने आपल्या हिश्शाची किंमत शून्य धरली. वरच्या भावात एक्सरसाइज करून कर भरलेल्याला अशा वेळी काय मिळतं, ते आपल्याच उदाहरणात पाहू.

तीन वर्षांनी तिची कंपनी शेअरला १,००० रुपये भावाने विकली गेली, असं समजा. मिळाले ३० लाख. आता भांडवली नफा मोजताना खरेदीचा भाव ५० धरत नाहीत, ज्या ६५० वर कर भरला तोच धरतात. नफा शेअरमागे ३५०, एकूण १०,५०,०००. न नोंदलेला शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला असल्याने दर १२.५ टक्के, सेससह कर १,३६,५००. आधीचे ७,११,६०० आणि हा कर वजा जाता तिला २१,५१,९०० रुपये उरले. उत्तमच.

आता भाव ३०० आला असं समजा. मिळाले ९ लाख, हातात उरले १,८८,४००. तिने ५० चा शेअर ३०० ला विकला, म्हणजे प्रत्यक्षात झालेला फायदा साडेसात लाख. त्यासाठी भरलेला कर ५,६१,६००, म्हणजे फायद्याच्या जवळजवळ ७५ टक्के. कारण कर १८ लाखांच्या कागदी फायद्यावर भरलेला आहे आणि तो परत मिळत नाही. कागदावर तिला साडेदहा लाखांचा दीर्घकालीन भांडवली तोटा दिसेल, पण तो पगारातून वजा करता येत नाही. पुढच्या आठ वर्षांत दुसरा दीर्घकालीन भांडवली नफा झाला तरच तो त्यातून वजा होईल.

आणि कंपनी बुडाली, तर सात लाख अकरा हजार सहाशे गेले.

या तीन शक्यतांवरून तिच्यापुढचा खरा प्रश्न दिसतो: कधी विकता येईल हे माहीत नसलेला हा शेअर मी आज २३७ रुपयांना विकत घेतला असता का? पैसे तीन वर्षं ७ टक्के व्याजाने ठेवले असते तर २३७ चे २९० झाले असते. म्हणजे तीन वर्षांनी २९० च्या खाली भाव मिळाला, तर ठेवच बरी होती. २९० च्या बऱ्याच वर भाव येईल असं तिला कंपनीच्या आतल्या तीन वर्षांच्या अनुभवावरून वाटतं का? ग्राहक टिकतात का, पगार वेळेवर होतात का, चांगली माणसं सोडून चालली आहेत का, हे तिला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त ठाऊक असतं.

मी काय सुचवतो

नोकरीत असताना, खासगी कंपनीचे ऑप्शन व्हेस्ट झाले म्हणून लगेच एक्सरसाइज करू नका. नोकरीत आहात तोवर थांबायला पैसे पडत नाहीत, आणि कंपनी बुडाली तर तुमच्या खिशातलं काही जात नाही. याला अपवाद म्हणजे एफएमव्ही अजून एक्सरसाइज प्राइसच्या जवळच असणं. फरक ७० रुपयांचा असेल तर कर शेअरमागे बावीस रुपयांच्या आत बसतो, आणि २४ महिन्यांचं घड्याळही शेअर नावावर झाल्यापासून लवकर सुरू होतं.

सोडताना मात्र फुकट थांबण्याची सोय संपते, आणि पूर्ण घ्या किंवा पूर्ण सोडा असं वाटायला लागतं. बहुतेक स्कीममध्ये काही भाग घेता येतो. आपल्या इंजिनिअरला मी १,००० शेअर घ्यायला सांगितलं असतं: २,३७,२०० रुपये, जे गेले तरी घोडबंदर रोडच्या घराचा हप्ता चुकणार नाही. कर्ज काढून एक्सरसाइज करण्याच्या मी ठामपणे विरोधात आहे. वैयक्तिक कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, शेअरच्या पैशांना तारीख नसते.

घ्यायचं ठरलं तर ८५ व्या दिवसाची वाट पाहू नका. शेअर डीमॅटमध्ये येतात, तेव्हा डीमॅट खातं आणि त्याची माहिती आधी कंपनीला द्यावी लागते. अर्ज, एक्सरसाइजची रक्कम आणि कराची रक्कम हे तिन्ही मुदतीच्या आत पोहोचायला हवं. यातलं एक जरी अडकलं, तर 'मी ईमेल केला होता' हे पुरेल की नाही ते स्कीमच्या शब्दांवर ठरतं. म्हणून अर्ज मिळाल्याची लेखी पोच मागून घ्या आणि साठाव्या दिवसापर्यंत सगळं देऊन टाका.

शेअर मिळाल्यावर फॉर्म १६ बरोबर येणाऱ्या फॉर्म १२ बीएमध्ये १८ लाखांचा, किंवा जेवढे घेतले तेवढ्यांचा, फायदा बरोबर दाखवला आहे का ते तपासा. वर्षभरात कधीही न नोंदलेला शेअर हातात असेल तर आयटीआर-१ भरता येत नाही, आयटीआर-२ भरून त्यात कंपनीचं नाव, पॅन, शेअरची संख्या आणि किंमत द्यावी लागते. शेअर हातात आहेत तोवर हे दरवर्षी करायचं, काही विकलं नसलं तरी. आणि मर्चंट बँकरच्या अहवालाची प्रत कंपनीकडून तेव्हाच मागून ठेवा. सहा वर्षांनी शेअर विकाल तेव्हा खरेदीचा भाव ६५० होता हे सिद्ध करायला तोच कागद लागेल, आणि तेव्हा त्या कंपनीच्या एचआरमध्ये तुम्हाला ओळखणारं कुणी असेलच असं नाही.